दोरी ओढायची कोणी? संस्कृतीच्या तीन पातळ्या आणि देशांचे आकडे

प्रश्न: सर, एमबीएला इंटरनॅशनल मॅनेजमेंटमध्ये शाइनच्या संस्कृतीच्या तीन पातळ्या आणि देशांची संस्कृती आकड्यांत मोजणारी हॉफस्टेडची परिमाणं असे दोन वेगळे धडे आहेत. असाइनमेंट मात्र ‘दोन्ही वापरून एका कंपनीचं विश्लेषण करा’ अशी आहे. मी दोन देशांचे आकडे टेबलात मांडले, तर मॅडमनी ‘मग पुढे काय?’ असा शेरा मारून परत दिली. हे दोन्ही एकत्र कसं बांधायचं? खरं उदाहरण घेऊन सांगाल का?

उत्तर:

मॅडमचा शेरा रास्त आहे. अनिश्चितता टाळण्यात जपान ९२, अमेरिका ४६ असं लिहिलं की पानावर काहीतरी लिहिल्यासारखं वाटतं, पण त्यातून कोणाला काहीच कळत नाही. या आकड्यांवरून फार तर एक अंदाज बांधता येतो, आणि तो अंदाज खरा ठरला की खोटा हे त्या कंपनीत काय घडलं ते बघूनच ठरतं. बघायचं कुठे, तर शाइनच्या तीन पातळ्यांवर. दोन्ही धडे एकमेकांना जोडले जातात ते इथे.

मी पंचवीसेक वर्षं वाहन उद्योगात आहे. सुरुवातीला उत्पादनात होतो, नंतर जपानी आणि जर्मन भागीदारांबरोबरच्या प्रकल्पांत. या विषयावर कोणी विचारलं की मी एकच उदाहरण देतो, कारण त्यात दोन्ही सिद्धांत बसतात आणि दोन्हींच्या मर्यादाही दिसतात. ते म्हणजे कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा न्यूमी हा कारखाना.

तिथे आधी जनरल मोटर्सचा कारखाना होता. तो १९८२ मध्ये बंद झाला तेव्हा त्याची ख्याती फार वाईट होती. रोज पाचातला एक कामगार गैरहजर. काही सोमवारी लाईन सुरू करायला पुरेशी माणसंच नसत. युनियनच्या तक्रारी हजारोंनी तुंबलेल्या, आणि न सांगता होणारे संप वेगळेच. मग जीएम आणि टोयोटा यांनी भागीदारी केली आणि १९८४ मध्ये त्याच इमारतीत न्यूमी सुरू झालं. कारखाना चालवायचा टोयोटाने. सुरुवातीच्या कामगारांपैकी सुमारे ८५ टक्के जुन्या जीएमचेच होते आणि युनियनही तीच, युनायटेड ऑटो वर्कर्स. पुढे एमआयटीच्या संशोधकांनी १९८६-८७ च्या सुमारास तीन कारखान्यांची तुलना केली. जीएमच्या फ्रेमिंगहॅममध्ये एक गाडी जोडायला ३१ तास लागत होते, टोयोटाच्या जपानमधल्या ताकाओकात १६ आणि न्यूमीत १९. शंभर गाड्यांमागे जोडणीतले दोष फ्रेमिंगहॅममध्ये १३० च्या आसपास, आणि ताकाओकात व न्यूमीत ४५-४५. गैरहजेरी तर दोन-चार टक्क्यांवर आली होती.

माणसं तीच, देश तोच, युनियन तीच. मग बदललं काय? याचं उत्तर द्यायला शाइन लागतो.

एडगर शाइनने १९८५ मध्ये मांडलेल्या तीन पातळ्या तुम्हाला पाठ असतीलच: डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी, कंपनी बोलून दाखवते ती मूल्यं, आणि तळाशी असलेली, कोणी बोलत नाही इतकी अंगवळणी पडलेली गृहीतकं. विद्यार्थी यांच्या तीन याद्या करतात. पहिलीत गणवेश आणि कॅन्टीन, दुसरीत वेबसाइटवरची वाक्यं, आणि तिसरीत काय लिहायचं ते सुचत नाही म्हणून पुन्हा मूल्यंच. तिसरी पातळी अशी थेट सापडतच नाही. ती पहिल्या दोन पातळ्या जिथे एकमेकींशी जुळत नाहीत तिथे डोकावते. भिंतीवर ‘गुणवत्ता प्रथम’ लिहिलंय आणि दोष दिसला तरी गाडी पुढे ढकलली जाते. मग तिथले लोक मनात काय धरून चालतात? ‘लाईन थांबणं हा सगळ्यात मोठा गुन्हा.’ हे वाक्य भिंतीवर कधीच नसतं, पण शिकाऊ मुलालाही पहिल्या आठवड्यात कळतं.

जुन्या फ्रीमाँटमध्ये नेमकं हेच होतं. लाईन थांबवण्याचा अधिकार कामगाराला नव्हता. ज्याच्या हातून ती थांबली त्याची नोकरी धोक्यात. चुकीचा भाग बसला तरी गाडी पुढे जायची आणि शेवटी दुरुस्तीच्या आवारात उभी राहायची. या सगळ्याखाली एक गृहीतक होतं: कामगार म्हणजे हात, विचार करणारे वेगळे, आणि हाताला संधी मिळाली की तो काम टाळणार. कामगारांचंही तितकंच पक्कं गृहीतक होतं: साहेब आपल्याला फसवणार. दोन्ही बाजूंना रोज पुरावे मिळत होते, म्हणून ती गृहीतकं टिकून होती.

न्यूमीत काय वेगळं झालं ते एका वस्तूवरून बघू. टोयोटाच्या लाईनवर कामगाराच्या डोक्याच्या वर एक दोरी असते. त्या व्यवस्थेला अँडॉन म्हणतात. दोरी ओढली की त्या स्टेशनचा दिवा लागतो, ठरलेली धून वाजते आणि टीम लीडर धावत येतो. महत्त्वाची गोष्ट अशी की दोरी ओढल्याक्षणी लाईन थांबत नाही. गाडी त्या स्टेशनच्या शेवटच्या खुणेपर्यंत सरकत राहते. तेवढ्या वेळात दोघांनी मिळून अडचण सोडवली आणि लीडरने पुन्हा दोरी ओढली, तर लाईन थांबतच नाही. नाही सुटली, तर खुणेवर आल्यावर थांबते. एका कामाचा फेरा सुमारे मिनिटभराचा असतो, म्हणजे मदत काही सेकंदांत पोचली पाहिजे. म्हणून पाच-सात माणसांमागे एक टीम लीडर ठेवलेला असतो आणि त्याच्याकडे लाईनवरचं ठरलेलं काम नसतं.

पहिल्या पातळीवर ही फक्त एक दोरी आणि दिवा आहे. दुसऱ्या पातळीवर ‘गुणवत्ता जागच्या जागी घडते’ हे वाक्य आहे. तिसऱ्या पातळीवर जे आहे ते मी असं मांडेन: अडचण दिसणं ही चांगली बातमी आहे, आणि ती दाखवणाऱ्याचं नुकसान होणार नाही. या एका गृहीतकावर ती दोरी लटकलेली आहे. ते काढून घेतलं तर उरते ती सुतळी.

हे गृहीतक अमेरिकन कामगारांच्या डोक्यात गेलं कसं? टोयोटाने टीम लीडर आणि ग्रुप लीडर मिळून सुमारे साडेचारशे जणांना तीन आठवड्यांसाठी ताकाओकाला नेलं. तिथे त्यांना चालू लाईनवर जपानी कामगाराच्या शेजारी उभं केलं. आपण मागे पडलो तर शेजारी मदतीला येतो, दोरी ओढली तर लीडर येऊन ‘काय झालं?’ विचारतो आणि कोणी ओरडत नाही, हे त्यांनी अंगावर अनुभवलं. या प्रशिक्षणाच्या कामात जॉन शूक नावाचा एक अमेरिकन होता, टोयोटाने जपानमध्येच नेमलेला. त्याने पुढे शाइनच्याच मांडणीचा आधार घेऊन लिहिलं की न्यूमीत आधी माणसांचे विचार बदलायचा प्रयत्न झाला नाही. आधी त्यांची कृती बदलली, आणि गृहीतकं मागून बदलली. असाइनमेंटसाठी हा मुद्दा सोन्यासारखा आहे, कारण बहुतेक जण उलट लिहितात: ‘प्रथम मूल्यांची जाणीव करून द्यावी.’ जाणीव करून देऊन गृहीतक बदललेलं मी तरी पाहिलेलं नाही. दोरी ओढल्यावर मेमो आला नाही असं पन्नास वेळा घडलं, की ते बदलतं.

आता हॉफस्टेड. खेर्ट हॉफस्टेडने आयबीएमच्या निरनिराळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांनी १९६७ ते १९७३ दरम्यान भरलेल्या लाखाहून अधिक प्रश्नावल्या तपासल्या आणि १९८० मध्ये चाळीस देशांचे गुण प्रसिद्ध केले. त्याचे जुने, पाठ्यपुस्तकांत असलेले आकडे असे आहेत: सत्ता-अंतरात, म्हणजे वरच्या-खालच्यातली दरी लोक किती गृहीत धरतात त्यात, जपान ५४, अमेरिका ४०, भारत ७७. व्यक्तिवादात जपान ४६, अमेरिका ९१, भारत ४८. अनिश्चितता टाळण्याच्या वृत्तीत जपान ९२, अमेरिका ४६, भारत ४०. आपल्या कामाला एवढे तीन पुरेत.

यातला शेवटचा आकडा सगळ्यात जास्त चुकीचा वाचला जातो. ‘जपान ९२ म्हणजे जपानी माणूस धोका पत्करत नाही’ असं सर्रास लिहिलं जातं. हा आकडा ज्या तीन प्रश्नांवरून काढला ते बघा. कंपनीचा नियम मोडल्याने कंपनीचाच फायदा होत असेल तरी नियम मोडू नये, असं वाटतं का? या कंपनीत अजून किती वर्षं राहायचा विचार आहे? कामावर किती वेळा ताण किंवा अस्वस्थपणा जाणवतो? म्हणजे नियम, नोकरीचा टिकाऊपणा आणि ताण. यात धोका कुठे आला? उलट, अस्वस्थता जास्त असलेला समाज ती कमी करायला नियमांची आणि आयुष्यभराच्या नोकरीची चौकट उभी करतो, असं ते वाचायला हवं. असाइनमेंटमध्ये आकड्याच्या शेजारी त्यामागचे प्रश्न लिहिलेत, तर ‘मग पुढे काय’ विचारायची वेळ मॅडमवर येणार नाही.

या आकड्यांवरून १९८४ मध्ये न्यूमीबद्दल काय भाकीत केलं असतं? अमेरिकन कामगार व्यक्तिवादी, त्याला टीममध्ये काम करणं जड जाईल. नियमांबद्दल त्याला फारसा आदर नाही, म्हणून दर हालचालीचं ठरलेलं प्रमाणित काम तो धुडकावेल. थोडक्यात, प्रयोग फसेल. प्रत्यक्षात तो फसला नाही. मग हॉफस्टेड चुकला का?

इथे घाईने ‘हो’ लिहू नका. हॉफस्टेडने स्वतःच पुढे सहकाऱ्यांबरोबर एक अभ्यास केला, जो १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. डेन्मार्क आणि नेदरलँड्समधल्या दहा संघटनांची वीस युनिटं त्यांनी तपासली. निष्कर्ष असा की माणसांची मूल्यं मुख्यतः राष्ट्रीयत्व, वय आणि शिक्षण यांनुसार बदलतात, तर एका संघटनेचं दुसरीपासूनचं वेगळेपण दिसतं ते रोजच्या कामाच्या पद्धतींत. मूल्यं लहानपणी घरात-शाळेत बसतात, पद्धती नोकरीला लागल्यावर शिकल्या जातात. न्यूमीने अमेरिकन माणसाला जपानी केलं नाही. त्याच्या पद्धती बदलल्या, आणि कामावर मदत मागितली तर काय होतं याबद्दलचं त्याचं गृहीतक बदललं. घरी गेल्यावर तो पूर्वीइतकाच व्यक्तिवादी असणार.

एक बारीक खोच मात्र आहे, आणि मला वाटतं हाडाच्या परीक्षकाला ती आवडेल. शाइनच्या मते संघटनेची संस्कृती तळाच्या गृहीतकांत असते. हॉफस्टेडचा १९९० चा अभ्यास म्हणतो की संघटना वेगळ्या ठरतात त्या वरच्या पद्धतींमुळे. दोघे एकमेकांना छेद देतात, आणि पाठ्यपुस्तकं हे दोन धडे वेगळे ठेवून तो वाद लपवतात. माझं मत असं की दोघे वेगवेगळ्या थरांबद्दल बोलतायत. ‘चूक दाखवली तर शिक्षा होते’ हे शाइनच्या भाषेत गृहीतक आहे, पण ते नोकरीत शिकलेलं आहे आणि नोकरीतच पुसता येतं. ‘मोठ्यांसमोर उलट बोलू नये’ हे घरातून आलेलं आहे, ते कंपनीला पुसता येत नाही. त्याला वळसा घालूनच काम करावं लागतं.

मग देशाचा फरक न्यूमीत दिसला कुठे? माझ्या मते नोकरीच्या हमीत. जपानमध्ये मोठ्या कंपनीचा कायम कामगार मंदी आली म्हणून घरी पाठवला जात नाही, अशी धारणा तेव्हा इतकी पक्की होती की ती लिहून ठेवायची कोणाला गरज वाटत नव्हती. दोरी ओढताना ताकाओकातल्या माणसाच्या मनात ‘माझी सुधारणा माझीच नोकरी खाईल’ ही भीती नसायची. फ्रीमाँटच्या माणसाने तर दोन वर्षांपूर्वी कारखाना बंद पडलेला पाहिला होता. त्याला ‘विश्वास ठेवा’ सांगून भागणार नव्हतं. म्हणून टोयोटाने ती हमी युनियनबरोबरच्या करारात लिहून दिली. कंपनीच्या दीर्घकालीन आर्थिक अस्तित्वालाच धोका असेल इतकी गंभीर परिस्थिती आल्याशिवाय ले-ऑफ नाही, आणि त्याआधी अधिकाऱ्यांच्या पगारात कपात करण्यासारखे उपाय करायचे. पुढे १९८७-८८ च्या सुमारास न्यूमीत बनणाऱ्या शेवरोले नोव्हा या गाडीची विक्री घसरली तेव्हा कंपनीने शब्द पाळला. कोणाला काढलं नाही, रिकाम्या माणसांना प्रशिक्षणात आणि सुधारणेच्या कामांत गुंतवलं.

हे बारकाईने बघा. जी गोष्ट जपानमध्ये शाइनच्या तिसऱ्या पातळीवर, न बोलता असते, ती अमेरिकेत कलम म्हणून कागदावर आणावी लागली. मग ती एकदा खऱ्या मंदीत पाळून दाखवावी लागली, तेव्हा कुठे ती पुन्हा खाली, गृहीतकात झिरपली. दोन धडे एकत्र बांधायची गाठ ही आहे. परिमाणांवरून ओळखायचं की मूळ देशात कोणती गोष्ट न बोलता चालते. मग विचारायचं की यजमान देशात ती कोणत्या पातळीवर आणून ठेवली, किंवा ठेवायला हवी होती.

अर्थात हमी अमर नव्हती. जीएमने २००९ मध्ये भागीदारी सोडली, २०१० मध्ये टोयोटाने न्यूमी बंद केलं, आणि त्या इमारतीत आज टेस्ला आहे. संस्कृती चांगली म्हणून कारखाना टिकला असं कोणी लिहीत असेल तर ते खोडा.

हे उलट दिशेने कसं फसतं त्याचं उदाहरण जीएमनेच दिलं. न्यूमीचं यश पाहून ती पद्धत कॅलिफोर्नियातल्याच व्हॅन नाइसच्या कारखान्यात आणायचा प्रयत्न झाला. तिथे माणसं ताकाओकाला जाऊन बदललेली नव्हती, युनियनमध्ये फूट पडली होती, आणि व्यवस्थापकांचं मोजमाप अजून ‘किती गाड्या निघाल्या’ यावरच होतं. दोरी आली, पण लाईन थांबली की फोरमनच्या कपाळावर आठ्या त्याच. कारखाना १९९२ मध्ये बंद झाला. जीएममधल्या वरिष्ठाने एका व्यवस्थापकाला न्यूमीच्या इंचाइंचाचे फोटो काढून आणायला आणि तसंच हुबेहूब उभं करायला सांगितल्याची गोष्ट तिथल्या माणसांनी सांगितली आहे. फोटोत पहिली पातळी येते. व्हॅन नाइस अमेरिकेत आणि फ्रीमाँटही अमेरिकेतच. देशाचे आकडे दोन्हीकडे एकच, निकाल वेगळे. फक्त आकड्यांवर असाइनमेंट उभी केली की नेमकं हे सुटतं.

आता चाकणचा माझा स्वतःचा फसलेला प्रयोग सांगतो, कारण भारताचा आकडा ७७ वाचून काय लिहायचं हा प्रश्न तुम्हालाही पडणार.

सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी होतो. जपानी ग्राहकाच्या आग्रहावरून आम्ही अँडॉन बसवलं. दोरी, दिवे, धून, सगळं. पहिल्या दोन आठवड्यांत दोरी एकदाही ओढली गेली नाही. ग्राहकाकडून आलेले जपानी गृहस्थ दुभाषामार्फत विचारत, ‘आज किती अडचणी?’ आणि आमचा शिफ्ट इन्चार्ज अभिमानाने सांगे, ‘काही प्रॉब्लेम नाही, सर.’ त्यांचा चेहरा दिवसेंदिवस उतरत चालला होता आणि आम्हाला वाटत होतं की त्यांना जेवण मानवत नाहीये.

माझं पहिलं निदान पुस्तकी होतं: सत्ता-अंतर ७७, भारतीय कामगार साहेबासमोर अडचण मांडत नाही, संपलं. ते सादरीकरणात मांडलंही, आणि माना डोलल्या. पण एका रात्रपाळीत मी लाईनजवळ खुर्ची टाकून बसलो तेव्हा दिसलं की अडचण आली की पोरं शेजारच्या स्टेशनवरच्या माणसाला खुणावतात, दोघं मिळून काहीतरी जुळवतात, आणि नाहीच जमलं तर भाग हळूच बाजूच्या क्रेटमध्ये ठेवतात. म्हणजे मदत मागणं चालू होतं. फक्त दोरीतून नाही.

मग दोन गोष्टी सापडल्या. एक म्हणजे अँडॉनच्या नोंदवहीत आम्हीच एक रकाना छापला होता: ‘जबाबदार व्यक्तीचे नाव’. दोरी ओढली की सुपरवायझर वही घेऊन येई आणि पहिला प्रश्न विचारी, ‘कोणी ओढली?’ भिंतीवर ‘अडचण दाखवा’ आणि वहीत आरोपीचं नाव. पहिल्या आणि दुसऱ्या पातळीत फट पडली की तिसरी दिसते म्हणतात ती अशी.

दुसरी गोष्ट आकड्यांच्या अर्थाशी जोडलेली आहे. लाईनवर पर्मनंट आणि कंत्राटी अशी दोन्ही माणसं होती. पर्मनंट माणसं निदान सुपरवायझरला हाक मारत. कंत्राटी एकही नाही. दोघे त्याच तालुक्यातले, काही तर एकाच गावचे, घरचे संस्कार सारखे. सत्ता-अंतर हेच कारण असतं तर दोघे सारखेच गप्प बसले असते. फरक होता तो ठेक्याच्या मुदतीचा. सात महिन्यांनी पुन्हा घेतील की नाही हे ज्याच्या हातात, त्याच्यासमोर कोण दोरी ओढेल? फ्रीमाँटमध्ये करारातल्या कलमाने जे काम केलं ते आमच्याकडे कोणी केलेलंच नव्हतं.

म्हणून असाइनमेंटमध्ये राष्ट्रीय परिमाण हे कारण म्हणून लिहिण्याआधी एक चाचणी लावा: त्याच देशातल्या, त्याच कंपनीतल्या दोन गटांत फरक दिसतो का? दिसत असेल तर कारण देशात नाही, जवळपास कुठेतरी आहे. पगाराची पद्धत, नोकरीचं स्वरूप, मोजमाप, यांत शोधा. हॉफस्टेडचे गुण देशाच्या सरासरीचे आहेत, एका माणसाला किंवा एका पाळीला ते लावणं ही त्याने स्वतःच बजावून ठेवलेली चूक आहे. एक किरकोळ सूचना: त्याच्या नावाने चालणाऱ्या साइटवर व्यक्तिवादाचे आकडे अलीकडे सुधारले गेलेत आणि ते जुन्या पुस्तकातल्या आकड्यांशी जुळत नाहीत. कुठलेही घ्या, पण एकाच जागचे घ्या आणि कुठले घेतले ते लिहा. अर्धे इथले, अर्धे तिथले असं टेबल मी तपासताना पाहिलंय.

आम्ही नंतर काय केलं ते थोडक्यात. वहीतून नावाचा रकाना काढला आणि फक्त स्टेशन क्रमांक व वेळ ठेवली. प्रत्येक सहा जणांमागे एक मोकळा टीम लीडर दिला, आणि यासाठी वित्त विभागाशी झालेलं भांडण हा वेगळा अध्याय होईल. लीडरचा पहिला प्रश्न ठरवून दिला: ‘काय पाहिजे?’ कंत्राटी मुलांच्या नूतनीकरणाच्या यादीवर सही करण्याचा सुपरवायझरचा अधिकार काढून तो एचआरकडे दिला, जेणेकरून दोरी ओढणारा आणि भवितव्य ठरवणारा समोरासमोर येणार नाहीत. मोठ्यांसमोर न बोलण्याची सवय आम्ही बदलली नाही, बदलता आलीही नसती. फक्त दोरी ओढायला मोठ्यांसमोर बोलावं लागू नये अशी सोय केली. महिन्याभरात दिवे लागायला लागले, आणि ते जपानी गृहस्थ पहिल्यांदा हसले ते एका पाळीत लाईन चार वेळा थांबली त्या दिवशी.

जुन्या नोंदवह्यांचा गठ्ठा मात्र शिल्लक होता. कागद वाया जाऊ नये म्हणून स्टोअरवाल्याने नावाच्या रकान्यावर पांढरी पट्टी चिकटवून त्या वापरात दिल्या. तीन महिन्यांनी चाळत होतो तेव्हा दिसलं की एका पाळीच्या पानांवर पट्टी नखाने अर्धी उचकटलेली आहे आणि खाली पेन्सिलीने, बारीक अक्षरात, नावं लिहिलेली आहेत.